परदेशवारीची फाईल : लेखांक ६
‘मुदत’ या रकान्यातली तीन घड्याळे

गेल्या आठवड्यात व्हिसा केंद्राची वेळ कशी घ्यायची ते पाहिले. आज त्या वेळेला जे कागद न्यायचे त्यांचा तक्ता. चाकण-भोसरी पट्ट्यात ज्या कंपनीचे माणूस कधीमधी परदेशी जाते, तिथे हा तक्ता कुणाच्या ना कुणाच्या संगणकावर असतोच. बहुतेक वेळा तो जर्मनीच्या व्हिसासाठी केलेला असतो, कारण उघड आहे. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोघांचेही कारखाने चाकणमध्ये सुरू झाले, आणि त्यांच्यामागे सुटे भाग, डाय आणि यंत्रे पुरवणाऱ्यांचे जर्मनीकडे जाणे-येणे वाढले.

तक्त्यात चार रकाने असतात: कागद, प्रती, स्थिती, मुदत. पहिले तीन कुणालाही भरता येतात. घोळ होतो तो चौथ्यात, कारण तिथे आपण कागदावर छापलेली तारीख उतरवतो आणि काम झाले असे समजतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, टूलरूममधला एक इंजिनिअर नव्या यंत्राची ट्रायल पाहायला स्टुटगार्टला जाणार आहे. गणपतीत घर सोडायला तो तयार नाही, म्हणून विसर्जनानंतर, २८ सप्टेंबर २०२६ ला तिथे पोहोचायचे आणि ९ ऑक्टोबरला तिथून निघायचे ठरले. केंद्राची वेळ मिळाली १७ ऑगस्टची. शेंगेनच्या नियमाप्रमाणे अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान पंधरा दिवस करायचा असतो, तेव्हा ही तारीख ठीक आहे. त्याचा तक्ता असा होता:

| कागद | प्रती | स्थिती | मुदत |
|---|---|---|---|
| पासपोर्ट | मूळ + झेरॉक्स | ताब्यात | २० डिसेंबर २०२६ |
| जर्मन कंपनीचे आमंत्रणपत्र | १ | आले | – |
| प्रवास विमा | १ | आला | ९ ऑक्टोबर २०२६ |
| पगारपत्रके, ३ महिने | प्रत्येकी १ | आली | – |
| बँक स्टेटमेंट, ३ महिने | १ | आले | – |
| फोटो, ३५ × ४५ मिमी | २ | आहेत | – |

वरवर पाहता सगळे जमले आहे. माणूस ९ ऑक्टोबरला परतणार, पासपोर्ट २० डिसेंबरपर्यंत चालू. पण शेंगेन देशांतून निघण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान तीन महिने शिल्लक लागते. म्हणजे ९ जानेवारी २०२७. हा पासपोर्ट वीस दिवसांनी तोकडा आहे. अशा वेळी बाकीचे कागद कितीही चोख असले तरी अर्ज तपासणीलाच घेतला जात नाही. (पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत, हेही त्याच नियमात आहे.)

तेव्हा पासपोर्टची खरी मुदत छापील तारखेवर ठरत नाही, परतीच्या तारखेवरून पुढे मोजून ठरते. हे पहिले घड्याळ. एक्सेलमध्ये परतीची तारीख `H1` मध्ये आणि पासपोर्टची छापील मुदत `D2` मध्ये असेल, तर एवढे पुरते:

```
=IF(D2<EDATE($H$1,3),"अपुरी","पुरेशी")
```

यात एक खड्डा आहे, आणि मी स्वतः त्यात पडलो आहे. जर्मन पत्रांत तारखा टिंब देऊन लिहितात. पाहून पाहून मीही `20.12.2026` असे लिहू लागलो. आपल्याकडच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एक्सेल तिला तारीख न मानता मजकूर मानते, आणि तुलनेत मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच ठरतो. परिणामी वरचे सूत्र बिनदिक्कत ‘पुरेशी’ म्हणते. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख चौकटीत आपोआप उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे चिकटून राहतो.

दुसरे घड्याळ उलटे चालते. पगारपत्रके आणि बँक स्टेटमेंट यांवर मुदत छापलेली नसते, म्हणून तक्त्यात तिथे रेघ मारतात. पण हे कागद शिळे होतात, आणि ते केंद्राच्या तारखेपासून मागे मोजायचे. १७ ऑगस्टला मे, जून, जुलैची पत्रके चालतील. वेळ पुढे ढकलून ७ सप्टेंबर झाली की मे बाद होतो आणि ऑगस्टचे पत्रक लागते. ज्या कंपनीत पगारपत्रक दहा तारखेला हातात पडते, तिथे ७ सप्टेंबरला माणूस अडकतो. फोटोचेही तसेच, सहा महिन्यांपेक्षा जुना नको. तेव्हा रेघेच्या जागी ‘वेळ बदलल्यास पुन्हा’ असे लिहावे.

तिसरे घड्याळ विम्याचे. तो प्रवासाच्या पूर्ण काळाला, सगळ्या शेंगेन देशांत आणि किमान ३०,००० युरोंचा हवा. प्रवास चार दिवस सरकला तर विमाही सरकवावा लागतो. फार बोलण्यासारखे त्यात काही नाही.

आता आपल्या इंजिनिअरकडे येऊ. पासपोर्ट नवा काढायला हवा, आणि इथेच तक्त्याचा खरा दोष दिसतो. नव्या पासपोर्टला नवा क्रमांक येतो. जुना क्रमांक आमंत्रणपत्रावर आहे, आपल्या कंपनीच्या पत्रावर आहे, विम्यावर आहे, व्हिडेक्स या जर्मन अर्जात आहे आणि केंद्राची वेळ घेताना दिलेल्या माहितीतही आहे. एक ओळ बदलली की पाच ओळी खोट्या होतात, आणि तक्ता मात्र त्यांच्यासमोर ‘आले’ असेच दाखवत राहतो. त्यातली सर्वांत मंद ओळ आमंत्रणपत्राची, कारण ते तिकडच्या माणसाच्या सहीसाठी थांबते आणि ऑगस्टमध्ये जर्मनीत निम्मी माणसे सुट्टीवर असतात.

म्हणून मी पाचवा रकाना घालतो: ‘कशावर अवलंबून’. आमंत्रणपत्रासमोर ‘पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा’, पगारपत्रकांसमोर ‘केंद्राची तारीख’. मूळ गोष्ट बदलली की तो शब्द शोधायचा आणि सापडेल त्या प्रत्येक ओळीची स्थिती ‘पुन्हा मागवा’ करायची. स्थितीच्या रकान्यात ‘आले’ आणि ‘तपासले’ हे शब्दही वेगळे ठेवावेत. आलेल्या पत्रात नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, हे कुणी वाचलेलेच नसते.

पासपोर्ट लांबण्याचे आपल्या भागातले नेहमीचे कारण पत्ता. पासपोर्टवर लातूरचा किंवा बुलढाण्याचा, राहणे मोशीत भाड्याने. पत्ता बदलायचा तर भाडेकराराचा पुरावा आणि पोलीस पडताळणी आली. चाकणसुद्धा १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे, पूर्वी ते पुणे ग्रामीणमध्ये होते. जुन्या सवयीने ग्रामीणकडे चौकशी करणारे अजून भेटतात. पासपोर्टची मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नवा मागता येतो. आपल्या इंजिनिअरला डिसेंबर २०२५ पासून ती मुभा होती.

जुन्या पासपोर्टमध्ये चालू व्हिसा असेल तर तो पासपोर्ट टाकू नका. दोन्ही सोबत नेले की तो व्हिसा चालतो, आणि मागचे शेंगेन व्हिसे नीट वापरल्याचा पुरावाही त्याच पानांत असतो. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार तीन वर्षांत असे दोन व्हिसे झाले असतील तर पुढचा सहसा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळतो. तक्त्यात ‘जुना पासपोर्ट’ ही स्वतंत्र ओळ हवी.

आपल्या कंपनीचा तक्ता आज उघडा आणि परदेशी जाऊ शकणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टची तारीख उजवीकडे आहे की डावीकडे, तेवढे पाहा. पुढच्या आठवड्यात आमंत्रणपत्र: खर्च कोण करणार हे त्यात नेमके कसे लिहून घ्यायचे.