सोसायटीचा ग्रुप आणि शुभेच्छांची चित्रं

सकाळी साडेसहाला सेक्रेटरी ग्रुपवर लिहितात, ‘आज टाकी धुणार आहे, नऊ ते बारा पाणी बंद राहील.’ आठ वाजेपर्यंत गुलाब, चहाचे कप, जोडलेले हात आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या ‘सुप्रभात’खाली ती सूचना दिसेनाशी होते. सव्वानऊला कुणाच्या तरी अंगाला साबण लागलेला असतो आणि नळ कोरडा पडतो.

अशा वेळी अ‍ॅडमिननं सूचना द्यायलाच हवी. मात्र ती एखाद्याच्या चित्राखाली लगेच टाकली, की तो माणूस दुखावतो आणि इतर बाजू घेऊ लागतात. दिवसाच्या शेवटी, ग्रुप शांत असताना लिहिलेली सूचना कुणा एकाला उद्देशून वाटत नाही. मजकूर असा असावा :

‘नमस्कार मंडळी. रोजच्या शुभेच्छांमागचा जिव्हाळा आम्हाला जाणवतो. पण मंगळवारी पाणी बंद असल्याची सूचना चित्रांच्या गर्दीत बऱ्याच जणांना दिसली नाही. म्हणून विनंती, की या ग्रुपवर फक्त पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स आणि सुरक्षेबद्दल लिहावं. शुभेच्छांसाठी गप्पांचा वेगळा ग्रुप केला आहे, लिंक खाली दिली आहे. पाडवा-दिवाळीला इथेही शुभेच्छा जरूर द्याव्यात. काही अडचण असल्यास मला फोन करावा.’

यात कुणाचं नाव नाही. कारण म्हणून सगळ्यांनी अनुभवलेला प्रसंग आहे, त्यामुळे वादाला जागा उरत नाही. सगळ्यात मोलाचा आहे तो दुसरा ग्रुप. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी सकाळचं चित्र ही हजेरी असते. एखाद्या दिवशी ते आलं नाही, तर शेजारी दार वाजवून चौकशी करतात. मोबाइलवर मराठी टाइप करणं अवघड जात असेल, तर चित्र पुढे पाठवणं हाच त्यांचा बोलण्याचा मार्ग. नुसती बंदी घातली, तर ही सोय हिरावली जाते.

फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. चित्रं तिनं थांबतात, पण लिफ्टमध्ये कुणी अडकल्याचं कळवण्याची वाटही बंद होते. म्हणून सूचनांचा ग्रुप तसा कुलूपबंद करायचा झाला, तर तक्रारींसाठी खुली जागा आधी हवी.

सूचनेनंतरही काही दिवस चित्रं येतीलच, कारण रोजची सवय लगेच सुटत नाही. तेव्हा ग्रुपवर पुन्हा टोकू नये. फोन करावा किंवा जिन्यात भेटल्यावर सांगावं, ‘काका, त्या दुसऱ्या ग्रुपवर टाका ना, तिथे सगळे वाट बघतात.’ नवा ग्रुप मोबाइलवर सापडत नसेल, तर तिथेच उभं राहून तो उघडून द्यावा आणि वरच्या बाजूला पिन करून ठेवावा. पुष्कळदा अडचण तेवढीच असते.