बॅकअप रोज होत होता?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसच चुकून पुसला जाऊ लागला. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. रोजचा बॅकअप शोधला, तर साठवणुकीची जागा रिकामी!

डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता, बॅकअप घेणारं `pg_dump` मात्र ९.२ चं. त्यामुळे ते एरर देऊन बंद पडे. इशाऱ्याचे ईमेल निघत, पण त्यांवर डिजिटल सही नसल्याने ते परस्पर नाकारले जात. शेवटी चाचणीच्या सर्व्हरसाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली प्रत कामी आली. त्यानंतरचा डेटा गेला तो गेलाच.

रिस्टोअरची तालीम ही चूक पहिल्याच फेरीत पकडते. ताजा बॅकअप वेगळ्या, कोऱ्या मशीनवर उतरवायचा. मग सर्वांत नवी नोंद कधीची आहे ते पाहायचं: रोजच्या बॅकअपमध्ये ती कालची हवी, गेल्या महिन्याची नव्हे. लागलेला वेळही लिहून ठेवायचा. गिटलॅबची सेवा पूर्ववत व्हायला सुमारे १८ तास लागले होते.