‘काय मग, कसा गेला रविवार?’

सोमवारी सकाळी ऑफिसात विचारले जाणारे ‘काय मग, कसा गेला रविवार?’ हे वाक्य दिसायला प्रश्न असले, तरी त्याचे काम नमस्काराचे असते. विचारणाऱ्याला रविवारची हकिगत नको असते. सुट्टीत तुटलेला धागा पुन्हा जुळल्याची खूण हवी असते. माहिती देण्यासाठी नव्हे, तर नाते जागते ठेवण्यासाठी होणारे असे बोलणे मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉव्ह मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये वेगळे काढून दाखवले.

अडचण उत्तर देणाऱ्याची होते. ‘मस्त गेला’ म्हटले तर पुढे काहीतरी सांगावे लागते, आणि ऐकणाऱ्याचा रविवार साठलेले कपडे धुण्यात गेला असेल तर ते मिरवल्यासारखे वाटते. त्यातून सगळे छान चालले आहे असे उघड बोलू नये, दृष्ट लागते, हे अनेक मराठी घरांत लहानपणापासून कानावर पडलेले असते. म्हणून ‘कसला रविवार, संपलासुद्धा!’ हे उत्तर सोयीचे पडते. त्यात कोणी मोठा ठरत नाही, कोणी छोटा ठरत नाही.

मुंबईतल्या एखाद्या ऑफिसात हे असे घडते. एक जण म्हणतो, ‘मेगाब्लॉक होता, दादरला तासभर अडकलो.’ दुसरी म्हणते, ‘तुमचा तासच गेला, आमच्याकडे दिवसभर पाणी नव्हतं.’ तिसऱ्याला आदल्या रात्री साहेबांचा मेसेज आलेला असतो. संभाषणाचे अभ्यासक हार्वी सॅक्स यांनी दाखवले, की एकाने अनुभव सांगितला की समोरचा त्याच जातीचा आपला अनुभव पुढे ठेवतो. ‘तुझे ऐकले, समजले’ हे सांगण्याची ती रीत आहे. म्हणजे पहिली तक्रार सहानुभूतीनेच दुसरी ओढून आणते. पाणी मात्र पहिल्यापेक्षा मोठे असावे लागते आणि साहेब पाण्यापेक्षा. पाच मिनिटांत मेगाब्लॉकवरून बोलणे नोकरीवर येते, आणि तिघेही आले होते त्याहून जड मनाने जागेवर बसतात.

यात शरीराचाही वाटा आहे. रोज रात्री ११ ला झोपून ६ ला उठणाऱ्याच्या झोपेचा मध्यबिंदू अडीच वाजता येतो. तोच माणूस शनिवारी रात्री दीडला झोपून रविवारी ९ ला उठला, तर मध्यबिंदू सव्वापाचवर जातो. हा पावणेतीन तासांचा फरक दूरच्या विमानप्रवासानंतरच्या थकव्यासारखा जाणवतो. टिल रोएनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्याला ‘सोशल जेटलॅग’ म्हटले. रविवारी रात्री ११ ला झोप येत नाही, गजर मात्र ६ लाच होतो. रविवारी नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त उशिरा न उठणे आणि दुपारची झोप आवरती घेणे, हा त्यावरचा साधा उपाय. मूळ झोपच अपुरी असेल, तर शनिवारी लवकर आडवे होणे जास्त उपयोगी.

तरीही सगळा दोष सोमवारवर टाकता येत नाही. अमेरिकेतल्या लोकांच्या मनःस्थितीची मोठी पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सोमवार हा मंगळवार, बुधवार, गुरुवारपेक्षा फारसा वाईट आढळला नाही. खरा फरक सुट्टीचा दिवस आणि कामाचा दिवस यांच्यात होता. सोमवारचे रडगाणे हा बराचसा बोलण्याचा रिवाज आहे, आणि रिवाज बोलण्यातूनच बदलता येतो.

पहिली जागा प्रश्नाची. ‘कसा गेला?’ याला एका शब्दाचे ठरलेले उत्तर असते. ‘रविवारी काय जेवलात?’ किंवा ‘लेकीची मॅच कशी झाली?’ याला तसे नसते. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर येते आणि मिरवण्याचा संकोचही उरत नाही, कारण विचारणाऱ्यानेच दार उघडलेले असते. दुसरी आणि जास्त महत्त्वाची जागा उत्तरानंतरची. ‘लेक दोन गोल मारून आली’ यावर नुसते ‘अरे वा’ म्हणून स्क्रीनकडे वळले, की बोलणे तिथेच विझते. ‘कुठल्या जागेवर खेळते ती?’ असे विचारले, की सांगणाऱ्याचा आनंद वाढतो. चांगली बातमी ऐकताना दाखवलेला असा रस नाते घट्ट करतो, असे मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या अभ्यासात दिसले आहे.

तक्रार आलीच, तर तिला आपल्या तक्रारीने उत्तर न देता तिच्याबद्दलच विचारावे: ‘मग घरी किती वाजता पोहोचलात?’ ऐकले गेल्याची खूण मिळते आणि चढाओढ सुरू होत नाही. ‘पॉझिटिव्ह बोला’ असे सांगून मात्र तोंड बंद करू नये. एकच माणूस सलग तीन-चार सोमवार एकाच कामाबद्दल, एकाच वरिष्ठाबद्दल बोलत असेल आणि इतरांच्या हसण्यात सामील होत नसेल, तर तो रिवाज राहिलेला नसतो. अशा बोलण्याला चहाच्या टेबलावरून उचलून दार लावता येईल अशा खोलीत, अर्धा तास काढून, जागा द्यावी लागते. रविवारी रात्री येणारे मेसेज असतील, तर ते थांबवण्याचे काम पाठवणाऱ्याचे असते.