तेलात बुडालेली पकड

सायकल चालवणाऱ्या मुलाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. चाकाच्या रिमला तेल लागले, की ब्रेक कितीही दाबला तरी सायकल लवकर थांबत नाही. जिथे घर्षण हवे तिथे तेल नको, हा धडा त्याला मिळालेला असतो. हाच मुलगा कधी गॅरेजमध्ये मोटारसायकलच्या इंजिनाचे झाकण काढलेले पाहतो आणि गोंधळतो. झाकणाआड क्लच असतो. क्लचचे काम घर्षणावर चालते, पण त्याच्या सगळ्या चकत्या तर इंजिनाच्या तेलाने निथळत असतात! या विद्यार्थ्याने वर्गात प्रश्न विचारला, तर आपण काय उत्तर देणार?

आधी क्लचची रचना पाहू. इंजिनाकडून फिरणारा एक डबा असतो. त्याच्या खाचांत घर्षणाचे अस्तर लावलेल्या चकत्या अडकवलेल्या असतात. डब्याच्या मध्यभागी गिअरपेटीकडे जाणाऱ्या दांड्यावर एक तुंबा असतो आणि त्याला पोलादाच्या साध्या चकत्या अडकवलेल्या असतात. अस्तराची एक, पोलादाची एक, अशी ही चवड रचलेली असते आणि स्प्रिंगा ती घट्ट दाबून धरतात. घर्षणामुळे दोन्ही प्रकारच्या चकत्या एकत्र फिरतात आणि इंजिनाचा पीळ चाकाकडे जातो. हँडलवरची क्लचची दांडी दाबली, की स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि चकत्या एकमेकींवरून मोकळ्या घसरतात.

या वर्णनावरून वाटेल, की क्लचचे मुख्य काम पकडणे हेच आहे. परंतु क्लच एकदा पूर्ण पकडला की त्याला काहीच त्रास नसतो. चकत्या एकमेकींवर घासत नाहीत, त्यामुळे उष्णता निर्माण होत नाही. खरी कसोटी असते ती गाडी उभी असताना. इंजिन फिरत असते, चाक स्थिर असते, आणि दोघांची गती जुळेपर्यंत चकत्या दाबाखाली घसरत राहतात. त्या एक-दोन सेकंदांत किती उष्णता निर्माण होते, याचा हिशेब दहावीच्या गणिताने करता येतो.

समजा, गाडी आणि चालक मिळून २०० किलोग्रॅम वजन आहे. इंजिन मिनिटाला साधारण ४००० फेरे घेत आहे, आणि त्या वेगाशी जुळणारा पहिल्या गिअरमधला गाडीचा वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४ किलोमीटर आहे. गाडी या वेगाला पोचली की घसरणे थांबेल. तेव्हा तिची गतिज ऊर्जा २०० गुणिले ४ चा वर्ग भागिले २, म्हणजे १६०० ज्यूल झालेली असेल. आता इंजिनाने किती कार्य केले ते पाहा. क्लचच्या दोन्ही बाजूंना पीळ सारखाच असतो. इंजिनाची बाजू सुरुवातीपासून पूर्ण गतीने फिरते आहे, तर चाकाची बाजू शून्यापासून समान वेगाने वाढत तिथवर येते. म्हणजे तिची सरासरी गती इंजिनाच्या निम्मी. पीळ तोच, पण फेरे निम्मे. म्हणून इंजिनाने दिलेल्या ऊर्जेतली निम्मीच गाडीला मिळते आणि उरलेली निम्मी चकत्यांमध्ये उष्णता बनते. गाडीला १६०० ज्यूल मिळाले, तर क्लचलाही १६०० ज्यूल सोसावे लागले. क्लच कितीही सफाईने सोडला तरी हा वाटा चुकत नाही. इंजिन आणखी जास्त फिरवत ठेवले, तर तो वाढतो मात्र.

लहान मोटारसायकलच्या क्लचमधल्या पोलादी चकत्यांचे एकूण वजन ४०० ग्रॅम धरू. एक ग्रॅम पोलाद एक अंशाने तापवायला सुमारे ०.४८ ज्यूल लागतात. म्हणजे एकदा गाडी सुटताना या चकत्या आठ अंशांनी तापतील. हे फार नाही. परंतु शहरातल्या गर्दीत थोड्या वेळात वीस वेळा थांबून निघावे लागले, आणि उष्णता बाहेर जायला वाव मिळाला नाही, तर तापमान दीडशे अंशांहून अधिक वाढेल. आता तेल आणू. इंजिनात एक लिटर तेल असेल, तर त्याचे वजन साधारण ८७० ग्रॅम भरते, आणि तेलाची विशिष्ट उष्मा पोलादाच्या चौपट आहे. तीच १६०० ज्यूल उष्णता त्या सगळ्या तेलात पसरली, तर तेल जेमतेम एक अंशाने तापते. शिवाय ते एका जागी राहत नाही. चकत्यांवरून उष्णता घेऊन ते इंजिनाच्या कवचाकडे जाते आणि कवचाला बाहेरून वारा लागतो.

म्हणजे तेल इथे वंगणापेक्षा पाण्याच्या घागरीसारखे काम करते. तरीही विद्यार्थ्याची मूळ शंका उरतेच, की पकडीचे काय? कोरड्या अस्तराचा घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो, आणि तेलात तो ०.१ ते ०.१५ वर येतो. पकड तिपटीने कमी झाली. ती भरून कशी काढायची?

इथे एक प्रयोग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. जाड पुठ्ठ्याच्या सारख्या अकरा पट्ट्या कापा. टेबलावर एक पट्टी, तिच्यावर दुसरी आणि वर तिसरी ठेवून सगळ्यांवर एक किलोचे वजन ठेवा. वरची आणि खालची पट्टी एका बाजूने धरून ठेवा आणि मधली पट्टी स्प्रिंगकाट्याने दुसऱ्या बाजूला ओढा. किती बल लागले ते लिहून ठेवा. आता अकराही पट्ट्यांची चवड रचा. एकाआड एक अशा सहा पट्ट्या एका बाजूने धरा, आणि मधल्या पाचांची टोके एकत्र बांधून स्प्रिंगकाट्याने ओढा. वजन तेच आहे, पण बल सुमारे पाचपट लागेल. कारण वरचे वजन चवडीतल्या प्रत्येक जोडावर पुरेपूर दाब देते. दाब वाटला जात नाही, घर्षणाचे पृष्ठभाग तेवढे वाढतात.

मोटारसायकलच्या क्लचमध्ये हीच युक्ती आहे. एका चकतीच्या कोरड्या क्लचला घर्षणाचे दोन पृष्ठभाग असतात. घर्षणांक ०.३५ धरला तर गुणाकार ०.७ येतो. तेलातल्या क्लचमध्ये अस्तराच्या पाच चकत्या असतील तर पृष्ठभाग दहा झाले. घर्षणांक ०.१२ धरला तरी गुणाकार १.२ येतो. म्हणजे त्याच व्यासाच्या आणि तेवढ्याच जोराच्या स्प्रिंगांच्या क्लचमधून पावणेदोनपट पीळ नेता येतो. तेलाने घालवलेली पकड चकत्यांच्या संख्येने भरून काढली, आणि वर थोडी शिल्लकही उरली. त्यामुळे क्लच आकाराने लहान ठेवता येतो.

मग मोटारीत कोरडा क्लच कसा चालतो? हाताने गिअर बदलण्याच्या बहुतेक मोटारींत इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये मोठ्या व्यासाच्या एका चकतीचा क्लच असतो. ती ज्या जडचाकावर दाबली जाते ते कित्येक किलो वजनाचे असल्याने बरीच उष्णता पचवते. मोटारसायकलमध्ये एवढ्या व्यासाला आणि वजनाला जागा नाही. शिवाय आजच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाचा दांडा, क्लच आणि गिअर एकाच कवचात शेजारी शेजारी बसवलेले असतात, आणि तिथे तेल असतेच. क्लच कोरडा ठेवायचा तर त्याच्यासाठी वेगळी, तेल आत येणार नाही अशी खोली बांधावी लागेल.

बीएमडब्ल्यूच्या आडव्या दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलींवरून हे नीट कळते. १९२३ च्या पहिल्या गाडीपासून त्यांची मांडणी मोटारीसारखी होती. इंजिन पुढे, त्यामागे कोरडा क्लच, त्यामागे गिअरपेटी. त्यामुळे कोरडा क्लच तिथे अनेक दशके टिकला. २०१३ मध्ये या मालिकेतल्या आर १२०० जीएस गाडीचे इंजिन नव्याने आखले गेले, गिअरपेटी इंजिनाच्याच कवचात आली, आणि क्लचही अनेक चकत्यांचा, तेलातला झाला.

कोरड्या क्लचचेही फायदे आहेत. दांडी दाबली तरी तेलातल्या चकत्या थोड्या चिकटून राहतात. सकाळी थंड गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकताच ती खट् आवाज करून किंचित पुढे ओढली जाते, ती याचमुळे. कोरडा क्लच साफ सुटतो, तेल घुसळण्यात शक्ती जात नाही, आणि अस्तराची झीज इंजिनाच्या तेलात मिसळत नाही. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत तो दिसतो. तिथे सुरुवातीला एकदाच गाडी उभ्याने सोडायची असते. रस्त्यावरच्या गाडीला ते दिवसातून शेकडो वेळा करावे लागते.

तेलातल्या क्लचच्या सहनशक्तीलाही मर्यादा आहे. मागे माणूस बसून एकूण वजन २७० किलो झाले आहे, आणि आठ मीटरला एक मीटर चढणाऱ्या घाटात वाहने खोळंबली आहेत असे समजा. ब्रेक न लावता क्लच अर्धवट धरून गाडी जागच्या जागी तोलली, तर सुमारे ३३० न्यूटन बल सतत द्यावे लागते. इंजिन पूर्वीइतकेच फिरत असेल तर सेकंदाला १३०० ज्यूल उष्णता निर्माण होईल. ही घरातल्या इस्त्रीपेक्षा जास्त झाली. इथे गाडी हलत नसल्याने इंजिनाने क्लचला दिलेली सगळीच ऊर्जा उष्णता होते. एका मिनिटात एक लिटर तेल ४५ अंशांनी तापवायला ती पुरेशी आहे, आणि तेल ती तितक्या वेगाने उचलू शकले नाही तर अस्तर करपते. घाटात थांबल्यावर ब्रेक लावून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, असे जुने चालक सांगतात ते यासाठीच.

दुसरी मर्यादा तेलाच्या जातीची. मोटारींसाठीच्या काही तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण आणखी कमी करणारी द्रव्ये मिसळतात. मोटारीचा क्लच तेलात नसल्याने तिथे बिघडत नाही. तेच तेल मोटारसायकलमध्ये घातले, तर द्रव्यांचा थर चकत्यांवर बसतो आणि क्लच घसरू लागतो. याची खूण सोपी आहे. वरच्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर पिळला, की इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही. पुढे करपल्याचा वास येतो. ही अडचण ओळखून जपानमध्ये १९९८ साली चार स्ट्रोकच्या मोटारसायकलींच्या तेलासाठी ‘जासो’ हे मानक ठरवण्यात आले. डब्यावर ‘एमए’ असेल तर ते तेलातल्या क्लचला चालते. ‘एमबी’ जातीच्या तेलात घर्षण कमी असते. ते ज्या स्कूटरचा क्लच इंजिनाच्या तेलाबाहेर कोरडा असतो तिच्यासाठी, म्हणजे बहुतेक बिनगिअरच्या स्कूटरांसाठी.

विद्यार्थ्यांना आपापल्या घरच्या गाडीच्या तेलाच्या डब्यावरची ही अक्षरे लिहून आणायला सांगता येईल. मोटारसायकलची आणि बिनगिअरच्या स्कूटरची अक्षरे वेगळी निघाली, तर ती का, हे त्यांनाच सांगू द्यावे.