पेमेंट एक, मेसेज तीन!

रात्री पावणेबाराला पप्पांचा साताऱ्याहून फोन आला. एवढ्या उशिरा फोन म्हटल्यावर आधी पोटात गोळाच आला. पप्पा म्हणाले, "अगं, मेसचे पैसे तीनदा भरलेस का?"

मी सांगलीत राहते. मेसचे महिन्याचे २,६०० रुपये एका अ‍ॅपवरून भरते आणि पालक म्हणून तिथे पप्पांचा नंबर दिलाय. पैसे मी एकदाच भरले होते. पण पप्पांच्या फोनवर 'आपले २,६०० रुपये मिळाले, धन्यवाद' हा मेसेज तीन वेळा आला होता. तीन गुणिले २,६०० म्हणजे ७,८००. आमच्या घरात हा आकडा ऐकून कोणी कूस बदलून झोपत नाही.

सकाळी अ‍ॅपवाल्यांचा पहिला ईमेल आला : 'काही तांत्रिक अडचणीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' तो पप्पांना फॉरवर्ड केला. त्यांचा एकच प्रश्न आला, "मग पैसे गेले की नाही?"

त्या मेलमध्ये माफी होती, पण उत्तर कुठेच नव्हतं.

दुपारी दुसरा मेल आला. त्याची सुरुवातच अशी होती : 'तुमच्या खात्यातून पैसे एकदाच गेले आहेत. काल रात्री ११:३२ ते १२:१० या वेळेत काही जणांना पावतीचा मेसेज एकापेक्षा जास्त वेळा गेला. चूक आमच्या सिस्टीमची होती. तुम्हाला काहीही करायची गरज नाही.' पप्पांनी एवढंच वाचलं आणि फोन ठेवून दिला. मी मात्र पुढचं वाचत बसले, कारण खाली चूक काय होती आणि दुरुस्त काय केलं हेही लिहिलं होतं. त्यातलं निम्मंच कळलं. उरलेलं विश्रामबागमध्ये चहा पिताना कॉम्प्युटरच्या एका सीनियरकडून समजून घेतलं.

त्याने थेट पोस्टाचं उदाहरण दिलं. समजा, तू साताऱ्याच्या एका ऑफिसला रजिस्टर पत्र पाठवलंस आणि पोचपावतीची वाट बघत बसलीस. पावती आली नाही. आता दोन शक्यता आहेत. एक तर पत्रच पोचलं नाही, किंवा पत्र पोचलं पण पावती वाटेत हरवली. सांगलीत बसून तुला यातलं नक्की काय झालं हे कळायला मार्ग नाही. मग तू काय करशील? पत्र पुन्हा पाठवशील.

अ‍ॅपनेही तेच केलं. अ‍ॅप स्वतः एसएमएस पाठवत नाही. मेसेज पोचवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला ते सांगतं, 'हा मेसेज या नंबरवर पाठव', आणि 'पाठवला' या उत्तराची वाट बघतं. मेलमध्ये लिहिल्याप्रमाणे ही वाट दहा सेकंद बघितली जायची. महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांची फी एकदम येते. समोरचा सर्व्हर त्या गर्दीत हळू झाला. मेसेज जात होते, पण 'पाठवला' हे उत्तर यायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागत होतं. अ‍ॅपला वाटलं, गेलाच नाही. म्हणून त्याने परत पाठवला, आणि मग आणखी एकदा. तीन प्रयत्नांनंतर थांबायचं असं ठरलेलं होतं, म्हणून पप्पांना बरोब्बर तीन मेसेज आले. शिवाय प्रत्येक जादा मेसेजमुळे त्या सर्व्हरपुढची रांग आणखी वाढत होती.

"मग पुन्हा पाठवणंच बंद करायचं ना?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मग ज्यांचा मेसेज खरंच गेला नाही, त्यांना पावती कधीच मिळणार नाही. पैसे भरून पावती नाही, तर पप्पा अजून घाबरतील."

म्हणजे पुन्हा पाठवणं ही चूक नव्हती. तोच मेसेज परत आलाय हे ओळखायची सोय नव्हती, ही चूक होती. याचा उपाय सरकारी ऑफिसात कधीपासून आहे, तो म्हणजे जावक क्रमांक. तेच पत्र दुसऱ्यांदा आलं, तर क्लार्क आवक नोंदवहीत बघतो, हा क्रमांक आधीच दिसतो आणि पत्र बाजूला ठेवलं जातं. आता अ‍ॅपनेही प्रत्येक पावतीच्या मेसेजला एक कायमचा क्रमांक दिलाय. मेसेज पुन्हा पाठवायचा झाला तरी क्रमांक तोच राहतो. तो क्रमांक आधी येऊन गेला असेल, तर समोरचा सर्व्हर मेसेज दुसऱ्यांदा पुढे ढकलत नाही. इंजिनिअरिंगवाले याला 'आयडेम्पोटन्सी की' म्हणतात. नाव अवघड आहे, पण काम जावक क्रमांकाचंच. दुसरी दुरुस्ती म्हणजे दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत नेलंय. आधी दहा सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं. तेवढ्या वेळात समोरच्याची गर्दी ओसरते.

मला मेलमधली सगळ्यात आवडलेली ओळ होती : 'असं पुन्हा कधीच होणार नाही असं आम्ही म्हणत नाही. मोबाइल नेटवर्कच्या पातळीवर क्वचित मेसेज दोनदा येऊ शकतो. तसं झालं तर मेसेजमधला यूपीआय संदर्भ क्रमांक बघा.' हा क्रमांक बारा आकडी असतो आणि प्रत्येक व्यवहाराचा वेगळा असतो. पप्पांच्या तिन्ही मेसेजमध्ये तो एकच होता, म्हणजे व्यवहारही एकच. क्रमांक वेगवेगळे असते, तर मात्र पैसे खरंच तीनदा गेले असते. हे माहीत असतं, तर रात्रीच दोन मिनिटांत उलगडा झाला असता. खात्री करायची तर बँकेचं स्टेटमेंट आहेच. मेसेज कितीही येवोत, पैसे किती वेळा गेले ते स्टेटमेंटमध्ये दिसतं.

शेवटी एक इशारा होता : 'जादा पैसे कापलेच गेले नाहीत, त्यामुळे परतावा नाही. परताव्याची लिंक आम्ही पाठवणार नाही.' हे वाक्य बिनकामाचं वाटेल, पण तसं नाही. पैसे तीनदा गेले असं वाटणारा माणूस 'रिफंड देतो' म्हणणाऱ्या फोनला पटकन फसतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

अशीच एक गाजलेली घटना आठवली. जून २०२१ मध्ये 'एचबीओ मॅक्स'च्या अनेक ग्राहकांना 'Integration Test Email #1' नावाचा जवळपास रिकामा मेल गेला. कंपनीने माफी मागितली आणि हो, हे इंटर्नकडून झालं, असं ट्विटरवर सांगितलं. लोकांनी त्या इंटर्नला धीर देत आपापल्या चुका लिहिल्या. मी स्वतः इंटर्न असल्यामुळे मला ते वाचून बरं वाटलं. तिथे कोणाच्या पैशांचा प्रश्न नव्हता, त्यामुळे हसण्यावारी नेता आलं. पैशांच्या मेसेजमध्ये चूक कोणाची यापेक्षा माझ्या खात्याचं काय झालं, हे आधी कळावं लागतं.

पप्पांनी तो दुसरा मेल जपून ठेवलाय. आता दर महिन्याला मेसचा मेसेज आला की चष्मा लावून ते आधी बारा आकडे वाचतात, मग मला फोन करतात, "एकच आलाय बरं का!"