उठताच डोळ्यांपुढे अंधारी

माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमनीतले संवेदक ते टिपतात. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. तरुणाला जुलाब झाले की रक्तातलं पाणीच घटतं आणि भोवळ येते.

सत्तरीतल्या आजोबांचं कारण बहुधा वेगळं.

समजा, ते रात्री लघवीला उठताना पडले. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन रक्तवाहिन्याही सैलावू शकते, त्यात वयाने प्रतिसाद मंदावलेला. पाच मिनिटं आडवं राहून वरचा दाब १५० आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत १२२ भरला, तर निदान होतं. २०ची घट पुरते. नाडी जेमतेम वाढली, तर मधुमेहाने किंवा पार्किन्सनने बिघडलेल्या मज्जातंतूंचा संशय घ्यावा. नुसत्या बसून मोजलेल्या दाबात हे निसटतं.