वेबपीचा फोटो आणि जुनं फोटोशॉप

दिवाळीच्या आगेमागे अंकुशनगरात फ्लेक्सवाल्यांना उसंत नसते. समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो आणि बॉयलर अग्निप्रदीपन, मोळीपूजन, दीपावलीच्या शुभेच्छा असं सगळं एकाच पंधरवड्यात छापायचं असतं. त्यासाठी उसाच्या फडाचा, पणत्यांचा, लक्ष्मीचा फोटो नेटवरून उतरवला जातो. तो ब्राउझरमध्ये स्वच्छ दिसतो, सेव्हही होतो, पण फोटोशॉप ७.० मध्ये उघडायला गेलं की `Could not complete your request because it is not the right kind of document` एवढी एक ओळ येते आणि काम अडतं. फाईलच्या नावाकडे नीट पाहिलं तर शेवटी `.jpg` नसून `.webp` असतं.

अशा वेळी बहुतेक जण पहिला उपाय करतात तो नाव बदलण्याचा. `oos.webp` चं `oos.jpg` केलं की फोटोशॉप फाईल घेतं खरं, पण आता तक्रार बदलते: `an unknown or invalid JPEG marker type is found`. पहिल्या वेळी फोटोशॉपने नाव पाहून नकार दिला होता. दुसऱ्या वेळी त्याने नावावर विश्वास ठेवला, फाईल जेपेग समजून वाचायला घेतली आणि आत जेपेगची खूण सापडली नाही. नावामुळे फक्त कोणतं सॉफ्टवेअर हाकेला ओ देणार हे ठरतं, आतला मजकूर जसाच्या तसा राहतो.

आत काय आहे हे कुणालाही पाहता येतं. फाईल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा अगम्य अक्षरांचा ढीग दिसेल, पण अगदी सुरुवातीला `RIFF`, मग चार निरर्थक चिन्हं आणि लगेच `WEBP` ही अक्षरं असतील तर फाईल वेबपी आहे, नाव काहीही असो. जेपेगमध्ये सुरुवातीलाच बहुधा `JFIF` किंवा `Exif` दिसतं, पीएनजीमध्ये `PNG`. पाहून झाल्यावर फाईल सेव्ह न करता बंद करायची, नाहीतर ती कायमची बिघडते. काही वेळा `.jpg` नावाच्या फाईलमध्येही वेबपी निघतो, तेव्हा ही खूण फार उपयोगी पडते.

वेबपी हा प्रकार गुगलने सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर केला. त्याच वर्षी त्यांनी ऑन२ ही व्हिडिओ तंत्राची कंपनी घेतली होती. तिच्या व्हीपी८ या व्हिडिओ पद्धतीतली एक चौकट उचलून स्थिर चित्रासाठी वापरली, तो हा वेबपी. चित्राचा एक तुकडा लिहिताना शेजारच्या तुकड्यावरून तो कसा असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला तेवढाच फरक साठवायचा, ही व्हिडिओतली युक्ती. गुगलच्या मोजणीनुसार तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा फाईल २५ ते ३४ टक्के लहान होते. रोज लाखो चित्रं पाठवणाऱ्या संकेतस्थळाला ही बचत मोठी आहे, आणि मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या आपल्यालाही.

म्हणूनच ब्राउझर चित्र मागताना सर्व्हरला आधीच सांगून ठेवतो की मला `image/webp` वाचता येतं. सर्व्हरवर फोटो जेपेगच ठेवलेला असला, पत्त्यात शेवटी `.jpg` असलं, तरी ही खूण पाहून सर्व्हर वेबपी प्रत काढून देऊ शकतो. फायरफॉक्सला वेबपी वाचणं जानेवारी २०१९ मध्ये जमलं, सफारीला २०२० मध्ये. मग संकेतस्थळांना अडचण उरली नाही आणि फायली सर्रास वेबपी झाल्या. फोटोशॉपने मात्र स्वतःहून वेबपी उघडायला २०२२ चा फेब्रुवारी उजाडला, आवृत्ती २३.२. आणि आपल्या दुकानांतलं फोटोशॉप ७.० आहे २००२ मधलं, वेबपीच्या आठ वर्षं आधीचं. न जन्मलेला प्रकार त्याला वाचता येणार कसा?

तरी नवं फोटोशॉप घ्या, हा सल्ला मी देणार नाही. जुन्या फोटोशॉप-कोरलवर श्रीलिपीसारखे जुने मराठी फॉन्ट बसलेले आहेत, त्यांत केलेल्या वर्षानुवर्षांच्या डिझाइनच्या फायली आहेत आणि मशीनही त्याच वयाचं आहे. एका फोटोसाठी हा सगळा संसार मोडण्यात शहाणपण नाही. फोटो बदलावा, सॉफ्टवेअर नाही.

एकच फोटो असेल तर ब्राउझर हाच सर्वांत जवळचा भाषांतरकार. चित्र पूर्ण आकारात उघडा, उजवी कळ दाबून `Copy image` करा, फोटोशॉपमध्ये `Ctrl+N`, `Enter`, `Ctrl+V`. ब्राउझरने चित्र आधीच उलगडलेलं असतं, त्यामुळे फोटोशॉपला वेबपी दिसतच नाही. विंडोज ११ असेल तर पेंटमध्ये उघडून पीएनजी म्हणून सेव्ह करता येतं. विंडोज ७ च्या पेंटला ते जमत नाही, तिथे इरफानव्ह्यू त्याच्या प्लगिनसह टाकावं. मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून काम भागवू नये. त्यात चित्र स्क्रीनच्या मापाचं होतं आणि उरलेले ठिपके जातात.

फोटो पन्नास असतील तर गुगलचंच मोफत `dwebp` वापरावं. ते फोल्डरमध्ये ठेवून कमांड प्रॉम्प्टवर एवढंच लिहायचं:

```
for %f in (*.webp) do dwebp "%f" -o "%~nf.png"
```

प्रत्येक वेबपीशेजारी त्याच नावाची पीएनजी तयार होते. हलणारी चित्रं मात्र यातून निघत नाहीत. आणि `dwebp` ज्या लिबवेबपीसोबत येतं तिची आवृत्ती १.३.२ किंवा पुढची घ्यावी, कारण २०२३ मध्ये जुन्या आवृत्तीत गंभीर सुरक्षा-दोष सापडला होता.

पीएनजीच का, हेही सांगायला हवं. देवाच्या मूर्तीची पार्श्वभूमी काढलेली असेल तर वेबपीत ती पारदर्शक असते. पीएनजीत ती तशीच राहते, जेपेगमध्ये तिथे काळा किंवा पांढरा चौकोन बसतो. कॉपी-पेस्टमध्येही पारदर्शकता बहुधा जाते. शिवाय जेपेग केला की आधीच दाबलेलं चित्र पुन्हा एकदा दाबलं जातं. पीएनजी फाईल कितीतरी पट मोठी दिसेल, पण तिच्यात नवा तपशील काही येत नाही. साध्या वेबपीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या निम्म्या रुंदी-उंचीने साठवलेली असते, म्हणून लाल अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात. त्या रूपांतराने सुधारत नाहीत.

आता फ्लेक्सचा हिशेब करू. उतरवलेला फडाचा फोटो १२०० बाय ८०० ठिपक्यांचा आहे आणि बॅनर १० फूट रुंद, म्हणजे १२० इंच. पूर्ण रुंदीत ताणला तर इंचाला १० ठिपके. रस्त्यापलीकडून फड म्हणून तो चालून जाईल, पण व्यासपीठामागे लावला तर दहा फुटांवरूनही चौकोन दिसतील. तोच फोटो तीन फूट रुंद लावला तर इंचाला ३३ ठिपके पडतात आणि चित्र सावरतं. फाईल उघडत नव्हती तेव्हा ही अडचण लपलेली होती, उघडल्यावर ती समोर येते.

म्हणून बॅनर सांगायला येणाऱ्यांना एक विनंती. फोटो तुमचा स्वतःचा असेल, घरचा, शेताचा, सभेचा, तर नेटवरून किंवा जुन्या पोस्टमधून परत उतरवू नका. कॅमेऱ्यातली मूळ फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न टाकता `Document` म्हणून पाठवा, म्हणजे ती न दाबता, आहे त्या मापात दुकानात पोहोचेल.